नोटीस दुसऱ्यांदा लिहिली तेव्हा: ठाण्यातल्या एका रेस्टॉरंटचं प्रकरण

घोडबंदर रस्त्यावरचं हे रेस्टॉरंट ७० जणांच्या बैठकीचं. मेन्यू मालवणी आणि पंजाबी, जोडीला चायनीज. कामाला ३१ माणसं: भटारखान्यात १७, सर्व्हिसला ११, मोरी आणि साफसफाईला ३. भटारखान्यातली निम्मी मुलं उत्तराखंड, बंगाल आणि ओडिशाकडची असून मालकाने भाड्याने घेतलेल्या खोल्यांवर राहतात. बाकीचे कळवा-दिव्याहून येऊन-जाऊन. भाकऱ्यांना दोन बायका आहेत, मोरीवरही दोघी.

जूनमध्ये एका गिऱ्हाइकाला सुक्या मटणात लांब केस सापडला. त्याने फोटो काढला आणि तो सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचिंग मशीनशेजारी ही नोटीस लागली:

«सर्व स्टाफला कळविण्यात येते की, उद्यापासून प्रत्येकाने स्वच्छ युनिफॉर्ममध्येच यावे. दाढी, केस, नखे वाढलेली चालणार नाहीत. टोपी व हातमोजे सक्तीचे आहेत. अंगावर दागिने नकोत. नियम मोडणाऱ्यास २०० रुपये दंड करण्यात येईल. – हुकुमावरून»

तीन आठवड्यांत ही नोटीस नुसता भिंतीवरचा कागद होऊन बसली. एकेक वाक्य घेऊन पाहिलं की कारणं सापडतात.

«स्वच्छ युनिफॉर्म» असं लिहिलं होतं, पण प्रत्येकाकडे कोट दोनच. तंदूरवाल्याचा किंवा फोडणीवरच्या माणसाचा कोट एका शिफ्टमध्येच धुवायला होतो. पावसाळ्यात सुती कोट खोलीवरच्या दोरीवर दोन दिवस सुकत नाही, त्यामुळे माणूस ओला नाहीतर कालचा कोट घालून येतो. कोट दमट राहिला की त्याला कुबट वास येतो आणि मांड्यांच्या, काखेच्या जागी नायट्याचा त्रास सुरू होतो. मग खाजवलेला हात पुन्हा पिठात. म्हणजे नियम पाळायची इच्छा असली तरी सोय नव्हती.

«हातमोजे सक्तीचे» हे वाक्य तर धोक्याचंच. तंदूरवाल्याने पातळ प्लास्टिकचे मोजे चढवले आणि नान लावताना एक मोजा उष्णतेने आकसून बोटांना चिकटला. चायनीजवर उलटं झालं: मोजे घातलेत म्हणजे हात स्वच्छच, या समजुतीने तोच मोजा कच्च्या चिकनला लागला, तोच गॅसच्या नॉबला आणि तोच वरून पेरायच्या कांद्याच्या पातीला. उघड्या हाताला चिकनचा चिकटपणा जाणवतो, म्हणून माणूस तो धुतो. मोज्यातल्या हाताला काही जाणवत नाही. बदलला न जाणारा मोजा हा उघड्या हातापेक्षा वाईट, हे भटारखान्यातल्या कुणालाही पाच मिनिटांत पटतं, पण नोटिशीत ते कुठेच नव्हतं.

केसाचा प्रश्न, ज्यावरून हे सगळं सुरू झालं, तोही तसाच राहिला. डोक्याच्या जाळ्यांचं एकच पाकीट आणलं होतं, ते चौथ्या दिवशी संपलं. शिवाय मुलं आधी कोट घालायची आणि मग जाळी चढवायची. जाळी घालताना सुटलेले केस कोटाच्या खांद्यावर पडतात आणि कढईवर वाकलं की तिथून आत जातात. क्रम उलटा हवा: आधी जाळी, मग कोट, शेवटी ॲप्रन.

दंडाने तर नोटिशीचा उरलासुरला जीवही घेतला. पहिल्याच आठवड्यात दोन वेटरना दाढीवरून २०० रुपये लागले, आणि त्याच वेळी दाढी राखलेला कॅप्टन गल्ल्याजवळ उभा होता. कायद्याच्या बाजूनेही हा दंड लंगडा होता. मजुरीच्या कायद्यानुसार दंड कशाबद्दल होईल याची यादी सरकारी अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घेऊन लावावी लागते, माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि एकूण दंड त्या वेळच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. इथे यातलं काहीच केलेलं नव्हतं. कापलेले पैसे परत द्यावे लागले, आणि ते परत दिले हे बरंच झालं.

कारणं तीन तऱ्हेची असतात

दुसऱ्या खेपेला कामाची सुरुवात लिहिण्यापासून झाली नाही. जुन्या नोटिशीतला एकेक नियम घेऊन व्यवस्थापक, मुख्य शेफ, कॅप्टन आणि मोरीवरच्या एक मावशी यांनी प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: हा नियम नेमका कुणासाठी? उत्तरं तीन निघाली. काही नियम खाणाऱ्याच्या पोटासाठी असतात. काही काम करणाऱ्याच्या अंगाला इजा होऊ नये म्हणून असतात. आणि काही निव्वळ दिसण्यासाठी, म्हणजे धंद्यासाठी असतात.

जुन्या नोटिशीत हे तिन्ही «स्वच्छता» या एकाच शब्दाखाली कोंबले होते आणि तिचं खरं दुखणं तेच होतं. टेबलावर ताट ठेवणाऱ्या वेटरच्या नीट कातरलेल्या दाढीने कुणाचं पोट बिघडत नाही. तिथे कारण दिसण्याचं आहे, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते रास्तच आहे. पण त्याला आरोग्याचा मुलामा दिला की मुलांना ते खोटं आहे हे लगेच कळतं, आणि मग हात धुण्याचा नियमही त्यांना तसाच वाटू लागतो. म्हणून नव्या नोटिशीत प्रत्येक नियमापुढे «पोटासाठी», «तुमच्यासाठी» किंवा «दिसण्यासाठी» असं स्पष्ट लिहायचं ठरलं.

कायद्याचा आधार कुठे द्यायचा यावरही चर्चा झाली. अन्नसुरक्षा आणि मानके (परवाना व नोंदणी) विनियम, २०११ यांच्या अनुसूची ४ मध्ये बहुतेक गोष्टी आहेतच: स्वच्छ संरक्षक कपडे, डोक्यावर आच्छादन, पादत्राणे, कापलेल्या जागेवर पाणी न शिरणारी पट्टी, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, आतड्यांच्या रोगांविरुद्ध लस. फोन हाताळल्यावर हात धुवायचे आणि काम करताना दाढी खाजवायची नाही, इतक्या बारकाव्याने त्यात सांगितलेलं आहे. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्यास २००६ च्या कायद्याच्या कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा आकडा नोटिशीत घातला नाही. तो दंड धंदा चालवणाऱ्याला होतो. त्याची भीती भांडी घासणाऱ्या बाईला दाखवण्यात अर्थ नाही.

आधी सोय

नोटीस लावायच्या आधी दहा दिवस खरेदी आणि सुतारकाम चाललं. भटारखान्यातल्या प्रत्येकाला कोटाचे तीन जोड दिले: एक अंगावर, एक धोब्याकडे, एक कोरडा. कापड मुद्दाम सुती घेतलं. टेरिकॉट लवकर सुकतं आणि स्वस्तही पडतं, पण त्यातला पॉलिस्टरचा धागा जाळाला वितळतो आणि कातडीला चिकटतो. फोडणीच्या भडक्यासमोर ते नको. सर्व्हिसच्या शर्टांना टेरिकॉट चालतं, तिथे जाळ नाही. कोट धुण्याचं काम रेस्टॉरंटने बाहेरच्या लॉन्ड्रीला दिलं. सुती कपडा वेळेत न सुकण्याचा प्रश्न त्यामुळेच सुटला.

३१ माणसांना १२ लॉकर होते. मागच्या बोळातल्या भिंतीला आणखी २० बसवले आणि पडदा लावून बायकांसाठी वेगळी जागा केली. कपडे बदलायची १० मिनिटं शिफ्टमध्येच धरली. हे आवर्जून करावं लागतं, नाहीतर «युनिफॉर्म घालून प्रवास करायचा नाही» याचा अर्थ «१० मिनिटं फुकट आधी या» असा होतो.

हात धुण्याचं बेसिन भटारखान्यात एकच होतं. त्यात पालक धुतला जायचा, चहाची भांडी विसळली जायची आणि साबणाची बाटली बहुतेक वेळा मोरीवर गेलेली असायची. आता दाराजवळ हातांसाठीच वेगळं बेसिन बसवलं, कोपराने उघडणाऱ्या नळाचं. साबणाचा डबा भिंतीला स्क्रूने पक्का केला. पुसायला कागद ठेवले. आधी तिथे टांगलेला टॉवेल दुपारपर्यंत ओलाचिंब व्हायचा आणि धुतलेला हात त्यालाच पुसला जायचा, म्हणजे धुणं वाया. बेसिनशेजारी नेलकटर साखळीने बांधला.

यानंतरची नोटीस मराठीत आणि हिंदीत लिहिली. ती भिंतीवर लावली, प्रत्येकाच्या हातात दिली आणि दोन्ही शिफ्टना उभं करून वाचून दाखवली, कारण चार-पाच जणांना वाचता येत नाही. तिचा मराठी मजकूर असा:

---

सर्व सहकाऱ्यांसाठी सूचना: युनिफॉर्म, स्वच्छता आणि नीटनेटकेपणा

ही सूचना आज दिली आहे. ती १५ दिवसांनी लागू होईल. तोपर्यंत शंका विचारा, अडचण सांगा. जूनमधली नोटीस रद्द केली आहे आणि त्यात कापलेले पैसे परत दिले आहेत.

१. युनिफॉर्म इथे येऊन घाला, इथेच काढा. बदलायची १० मिनिटं तुमच्या कामाच्या वेळेतली आहेत. (पोटासाठी: रस्त्यावरची धूळ, चिखल आणि ओले कपडे भटारखान्यात येऊ नयेत.) कोट आम्ही धुऊन देऊ. पैसे कापणार नाही. शौचालयाला जाताना ॲप्रन बाहेरच्या खुंटीवर ठेवून जा.

२. आधी डोक्याची जाळी, मग कोट, मग ॲप्रन. सगळे केस जाळीच्या आत. पगडी बांधणाऱ्यांची स्वच्छ पगडी पुरेशी आहे. (पोटासाठी)

३. भटारखान्यात दाढी चालेल, पण कातरलेली आणि दाढीच्या जाळीत. (पोटासाठी) सर्व्हिसला दाढी चालेल, पण कडा आखलेली. (दिसण्यासाठी. आरोग्याचं कारण नाही.)

४. हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवा: कामाला लागताना, शौचालयातून आल्यावर, कच्चं मटण-मासे-चिकन-अंडी हाताळल्यावर, कचरा उचलल्यावर, फोन किंवा पैसे हाताळल्यावर, शिंकल्या-खोकल्यावर, तंबाखू किंवा मशेरी लावल्यावर. (पोटासाठी) सॅनिटायझर हात धुण्याच्या जागी चालणार नाही. तेलकट हातावर तो काम करत नाही आणि जुलाब-उलट्यांचे काही विषाणू त्याला पुरेसे दाद देत नाहीत.

५. हातमोजे फक्त पुन्हा न शिजवता वाढायच्या पदार्थांसाठी: कोशिंबीर, रायता, चटणी, वरून पेरायची कोथिंबीर. काम बदललं की मोजा बदला. मोजा घालण्याआधीही हात धुवा. तंदूर, तवा आणि कढईजवळ मोजे घालू नका. (पोटासाठी, आणि तुमच्यासाठी: प्लास्टिक वितळून कातडीला चिकटतं.)

६. नखं हाताच्या तळव्याच्या बाजूने पाहिली तर दिसायला नकोत. नेलपॉलिश नको, तिचे तुकडे पडतात. मेंदी चालेल. (पोटासाठी)

७. भटारखान्यात घड्याळ, खड्याची अंगठी, काचेच्या बांगड्या नकोत. साधी सपाट अंगठी आणि कडं चालेल, हात धुताना कडं वर सरकवा. मंगळसूत्र कोटाच्या आत, वरचं बटण लावून. मनगटावरचा धागा दंडावर किंवा गळ्यात बांधा. तुमचा धागा कुणीही कापणार नाही. (पोटासाठी)

८. कापलं, भाजलं, गळू झालं तर आधी शेफला सांगा. निळी पट्टी लावा, वर मोजा घाला. जखम पिकली असेल तर बरी होईपर्यंत तुम्हाला अन्नाला हात लागणार नाही असं काम दिलं जाईल, पगार तोच. (पोटासाठी)

९. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर कामावर येऊ नका, फोन करा. शेवटचा जुलाब किंवा उलटी झाल्यावर ४८ तास घरी थांबा. या दिवसांचा पगार मिळेल आणि हे दिवस तुमच्या नैमित्तिक रजेतून जाणार नाहीत. कावीळ किंवा टायफॉइड असेल तर डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच कामावर या. (पोटासाठी)

१०. खांद्यावर फडकं नको. प्रत्येक शिफ्टला तुम्हाला दोन फडकी मिळतील: पांढरं ताटाच्या कडेसाठी, निळं ओट्यासाठी. घामासाठी कागद आहे. (पोटासाठी)

११. पुढून बंद, न घसरणारे बूट घाला. ते आम्ही देऊ. मोरीवर गमबूट. (तुमच्यासाठी: उकळतं तेल आणि ओली फरशी.)

१२. सर्व्हिसचा शर्ट इस्त्रीचा, नावाची पट्टी डाव्या बाजूला. (दिसण्यासाठी) उग्र अत्तर लावू नका, गिऱ्हाइकाला जेवणाचा वास यायला हवा.

हे नियम मालक, व्यवस्थापक आणि भटारखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला लागू आहेत. नियम चुकला तर पैसे कापले जाणार नाहीत. चूक दुरुस्त करूनच काम सुरू करायचं. एखाद्याकडून तेच पुन्हा पुन्हा घडलं तर त्याच्याशी बाजूला बसून बोललं जाईल, त्यानंतर लेखी.

---

यातले काही मुद्दे लिहिताना सोपे गेले नाहीत.

आठव्या कलमामागचं कारण वाचून दाखवताना तोंडी समजावलं, कारण ते दोन ओळींत बसत नाही. पिकलेल्या जखमेत आणि निरोगी माणसांपैकी साधारण तिघांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. तो हातावरून बटाट्याच्या भाजीत, पनीरच्या सारणात किंवा उकडून सोललेल्या अंड्यांवर गेला आणि तो पदार्थ दोन-चार तास ओट्यावर राहिला की जंतू वाढतात आणि विष सोडतात. पदार्थ पुन्हा उकळला तर जंतू मरतात, पण विष तसंच राहतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू होतात. «गरम करून देतो ना» हे भटारखान्यातलं सगळ्यात लाडकं उत्तर इथे लागू पडत नाही. वाचन चालू असताना सर्वाधिक प्रश्न यावरच आले. पट्टी निळी का, हेही विचारलं गेलं: निळ्या रंगाचा पदार्थ जवळजवळ नसतोच, त्यामुळे सुटून पडलेली पट्टी ताटात जाण्याआधी डोळ्याला दिसते.

नवव्या कलमावर मालक अडला. पगारी घरी बसवलं तर सगळेच पोट दुखल्याचं सांगतील, ही त्याची शंका. तिला उत्तर हिशोबातून दिलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा आधीच आहे. मुलं ती गावाला जाण्यासाठी जपून ठेवतात आणि जुलाब होत असतानाही गोळी घेऊन कामाला येतात. पगार कापला गेला असता तर हा नियम पहिल्या दिवसापासून लपवाछपवीचा झाला असता. वर्षाला माणशी जास्तीत जास्त चार दिवस अशी मर्यादा घालून मालकाने हे मान्य केलं. ही मर्यादा नोटिशीत नाही, मालक आणि व्यवस्थापक यांच्यातल्या टिपणात आहे. तसं न करता ती उघड लिहायला हवी होती, असं आमचं मत आहे. पाचव्या दिवशी आजारी पडणाऱ्याला ती अचानक कळेल.

दाढीची भानगड लगेचच आली, कारण नोटीस दिली ती श्रावण लागायच्या आठवडाभर आधी. वेळ मुद्दाम निवडली होती. आषाढातली मटणाची गर्दी ओसरते, श्रावणात मांसाहारी रेस्टॉरंट निम्मं रिकामं असतं आणि शिकवायला वेळ मिळतो. पण याच महिन्यात बरेच जण दाढी-केस कापत नाहीत. सर्व्हिसमधल्या चौघांनी तसं सांगितलं. भटारखान्यात अडचण नव्हती, दाढीच्या जाळीने काम भागतं आणि लांब केस जाळीत बसतात. सर्व्हिसला कारण दिसण्याचं आहे, त्यामुळे तिथे मालकाला सवलत देता आली: महिनाभर कडा आखल्या नाहीत तरी चालेल, दाढी विंचरलेली आणि धुतलेली असली म्हणजे झालं. हिवाळ्यात अय्यप्पाचं ४१ दिवसांचं व्रत धरणाऱ्यांनाही हेच लागू केलं. आरोग्याचं खोटं कारण दिलं असतं तर ही सवलत देताच आली नसती. जे पोटासाठी आहे, त्याला श्रावणात सूट कशी?

राखीच्या दिवशी सर्व्हिसच्या मुलांनी राख्या मिरवल्या, भटारखान्यातल्यांनी दुपारपर्यंत लॉकरमध्ये ठेवल्या. धाग्यांबाबत सगळ्यात जास्त कुरकुर होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पीठ मळणाऱ्या मुलाने धागा दंडावर सरकवताना स्वतःच तो पिळून दाखवला. त्यातून पिठाचं आंबलेलं पाणी आलं. काचेच्या बांगड्यांवर मात्र भाकऱ्यांवरच्या एका मावशी अडून बसल्या. त्यांना बांगड्या उतरवायला सांगणं म्हणजे अशुभ बोलणं होतं. शेवटी त्यांनी बांगड्यांऐवजी दोन्ही हातांत सपाट पाटल्या घातल्या आणि हात धुताना त्या वर सरकवतात. काच फुटून पिठात जाण्याचा धोका तेवढा टळला. पाटलीखाली पीठ साचतं, त्यामुळे दर घाण्यानंतर हात धुवावे लागतात, आणि त्या धुतात.

मशेरीचा उल्लेख नोटिशीत घालावा की नाही यावर दोन मतं होती. तंबाखू म्हटलं की पुरुषांचा मावा डोळ्यासमोर येतो. मोरीवरच्या मावशींनीच सांगितलं की मशेरी लिहा, नाहीतर आमच्यातल्या कुणाला हे आपल्याला लागू आहे असं वाटणार नाही. दोन्हींत बोट तोंडात जातं, एवढाच मुद्दा.

अंगाच्या वासाबद्दल मात्र नोटिशीत मुद्दाम एक शब्दही घातला नाही. तो भिंतीवर लिहायचा विषय नाही. खोल्यांवर पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, आठ जणांत न्हाणीघर एक. दुपारच्या शिफ्टला येणाऱ्याला आंघोळीला पाणी उरत नाही. रेस्टॉरंटच्या मागच्या न्हाणीत शॉवर बसवला, साबण ठेवला आणि शेफने संबंधित दोघांना एकेकट्याला गाठून सांगितलं.

पाळलं जातंय हे कसं ओळखायचं

शिफ्टच्या सुरुवातीला दाराशी तपासणी होते: जाळी, नखं, हाताच्या जखमा, बूट. माणशी अर्धा मिनिट. तपासणारा दर आठवड्याला बदलतो आणि त्यात मोरीवरच्या मावशीही येतात. पण दारावरची तपासणी फक्त दारापुरतीच. साडेआठच्या गर्दीत कोण हात धुतो हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी साबणाचा हिशोब ठेवला.

एका वेळेला डब्यातून साधारण २ मिली साबण येतो. भटारखाना आणि मोरी मिळून दिवसाला २० जणांनी प्रत्येकी १० वेळा हात धुतले तर ४०० मिली लागतो. म्हणजे ५ लिटरचा कॅन साडेबारा दिवसांत संपायला हवा. जूनपर्यंत तो दीड महिना चालत होता. नव्या नोटिशीनंतर पहिला कॅन १९ दिवस गेला, दुसरा १५. अजून कमीच आहे, पण कुणावर नजर न ठेवता मिळालेला हा आकडा आहे. कॅन उघडल्याची तारीख त्याच्यावर मार्करने लिहायची, एवढंच काम. दिवसाला किती जाळ्या आणि लॉन्ड्रीला किती कोट गेले हेही असंच बघता येतं: १७ माणसं आणि ११ कोट असा फरक दिसला की कुणीतरी कालचाच कोट घातलेला असतो.

खांद्यावरचं फडकं सगळ्यात चिवट निघालं. त्याच फडक्याने घाम, सुरी आणि ताटाची कड पुसायची सवय हातात इतकी मुरलेली असते की फडकं काढून घेतलं तर माणूस ॲप्रनला पुसतो. ते थांबलं ते फडकी ठेवायची जागा बदलल्यावर. ताट बाहेर जातं त्या काउंटरवर पांढऱ्या घड्यांचा ट्रे ठेवला आणि ओट्याखाली निळ्या फडक्यांसाठी १०० पीपीएम क्लोरीनच्या पाण्याची बादली, म्हणजे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरला २ मिली. हे पाणी तेलकट झालं की क्लोरीन मरतं, म्हणून दर दोन तासांनी, आणि गढूळ दिसलं तर त्याआधीही, बदलायचं. ते बदलायचं राहून जातं. सध्या सर्वाधिक चुका इथेच आहेत.

आणखी एक भोक नोटिशीत राहिलं होतं. लग्नसराईत आणि मोठ्या पार्टीच्या दिवशी नाक्यावरून एका रात्रीपुरती चार-पाच मुलं आणली जातात. त्यांना १५ दिवसांची मुदतही नाही, बूटही नाहीत, वैद्यकीय तपासणीही झालेली नसते. ऑगस्टअखेर एक कलम वाढवलं: अशा मुलांना जाळी, ॲप्रन आणि कपाटातले जादा बूट मिळतील, हात धुणं शिफ्टच्या आधी दाखवलं जाईल, आणि त्यांना काम फक्त भांडी, पाणी आणि टेबलं आवरण्याचं दिलं जाईल. कोशिंबीर कापायला त्यांना बसवायचं नाही, कितीही गर्दी असली तरी.